कूस बदलण्याआधी उठून बसायचं

गेल्या वर्षीपर्यंत विजयाबाई मोहिते यांना कूस बदलायची असली की त्या आधी उठून बसत. डाव्या कुशीवर असल्या तर हाताच्या तळव्यावर भार देऊन उठायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, क्षणभर बसायचं आणि मग उजव्या कुशीवर आडवं व्हायचं. त्यांचं वय सत्तर आहे. गुडघे कुरकुरतात, खांदा धरतो. तरी अठ्ठेचाळीस वर्षांत त्या एकदाही पडल्या पडल्या दुसऱ्या कुशीवर वळल्या नव्हत्या. निदान जागेपणी तरी नाही.

हा नियम खरं तर गरोदर बाईसाठी असतो. तिने लोळत कूस बदलली तर बाळाच्या गळ्याभोवती नाळ गुंडाळते, असं सांगतात. सत्तर वर्षांच्या बाईला तो लागू नाही, हे विजयाबाईंनाही ठाऊक होतं. पण गेल्या वर्षी दसऱ्यानंतर त्यांची सून गरिमा हिच्या निमित्ताने हा नियम घरात बोलण्यात आला, आणि त्याबरोबर बरंच काही आलं.

मोहित्यांचं घर ग्वाल्हेरच्या दाना ओळीत आहे. खाली किराणा घाऊक विकणाऱ्याचं गोदाम, वर दोन मजले. जिना अरुंद, पायऱ्या सतरा. मोहित्यांचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले आणि इथेच राहिले, एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यापलीकडचा इतिहास सांगणारं कुणी उरलेलं नाही. विजयाबाईंचे दिवंगत पती जयसिंहराव कापडाच्या गिरणीत स्टोअरकीपर होते. गिरणी बंद पडली तेव्हा मुलगा सौरव तीन वर्षांचा होता. विजयाबाईंनी पलंगाशेजारी शिलाई मशीन मांडलं आणि पुढची तीस वर्षं त्याच्यावरून उठल्या नाहीत, असं शेजारपाजारचे म्हणतात. त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे.

त्यांचं खास काम अचकनीचं, म्हणजे गुडघ्यापर्यंतच्या बंद गळ्याच्या कोटाचं. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातली मराठी मंडळी दसऱ्याला जुन्या पोशाखात बाहेर पडत. वडिलांची अचकन मुलाला आखूड व्हायची, आजोबांची नातवाला रुंद. श्रावण लागला की विजयाबाईंच्या दारात कापडाची गाठोडी यायला सुरुवात होई. वरचं कापड गिऱ्हाईक आणत असे, अस्तर विजयाबाई स्वतः निवडत. अस्तर साटिनचंच. “आतून हात सरकला पाहिजे,” असं त्या सांगत. “वरून कितीही भारी असो, घालताना बाही अडली की माणूस चिडतो, आणि चिडका माणूस दरबारात शोभत नाही.” खोलीभर कापडाचा, खळीचा आणि मशीनच्या तेलाचा वास असे. खिडकीतून मसाल्याच्या दुकानातली धूळ आत येई आणि साटिनवर बसे; ती झटकण्यासाठी एक मऊ ब्रश खिळ्याला टांगलेला असे. तो ब्रश अजून तिथे आहे. गिऱ्हाईक मात्र वर्षाला दोन-तीनच. आता पोशाख भाड्याने मिळतात, पाठीला चेन लावलेले.

सौरवचं लग्न उशिरा झालं. गरिमा सिटी सेंटरमध्ये एका बँकेत काम करते. ती झाशीच्या मराठी घरातली. तिची मराठी मध्येच हिंदीकडे वळते आणि परतही येते. सासूसुनांचं बरं जमतं. गरिमा दिवसभर कर्जाच्या फायली बघते आणि संध्याकाळी येऊन म्हणते, “आई, आज एका माणसाने मला बारा वेळा मॅडम म्हटलं, तेरावी वेळ म्हणेपर्यंत मी त्याची फाइल पास केली.” विजयाबाईंना हा विनोद कळत नाही, पण त्या हसतात.

सव्विसाव्या आठवड्यात गरिमाला दुखायला लागलं. आधी जिन्यात, मग स्कूटरवरून उतरताना, मग साडी नेसताना एक पाय उचलला की. दुखणं पुढून, ओटीपोटाच्या अगदी खाली, जिथे कमरेची दोन हाडं समोर येऊन जुळतात. आणि मागून, कमरेखाली जिथे दोन्ही बाजूंना खळगे पडतात, त्यातल्या उजव्या खळग्यात. बसल्यावर बरं. चालल्यावर वाईट. पण सगळ्यात वाईट पलंगावर, कूस बदलताना.

“असं वाटतं की पुढून कुणीतरी हाड फाडून राहिलंय,” ती सौरवला म्हणाली. “आणि आतून कट् असा आवाज येतो.”

“आवाज? मला तर काही ऐकू आला नाही.”

“तुला घोरताना भूकंपही ऐकू येत नाही.”

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, पोट तपासलं, बाळाचे ठोके ऐकले. सगळं ठीक होतं. त्यांनी दुखण्याचं नाव सांगितलं, बाळाला त्याचा काही धोका नाही हेही सांगितलं, आणि फिजिओथेरपीसाठी चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी नऊ दिवस गरिमाच्या पर्समध्ये राहिली, कारण बँकेत तिमाहीचं काम होतं.

त्या नऊ दिवसांत विजयाबाईंनी आपलं काम सुरू केलं होतं. सातवा महिना लागल्यापासून दुपारी जेवणानंतर गरिमा घरी असली की त्या तिच्या खोलीत खुर्ची टाकून बसत. हातात काजं-बटणाचं काम असे, नजर पलंगावर असे. गरिमा जराशी हलली की त्या म्हणत:

“उठून बस आधी.”

“आई, बसायलाच तर दुखतं.”

“दुखू दे. बस, मग वळ.”

गरिमा बसे. बसताना एक पाय आधी निघे, दुसरा मागून, आणि दोन्ही पायांच्या मधल्या त्या जागी कळ येई. मग दुसऱ्या कुशीवर आडवं होताना पुन्हा कळ. एका कुशीचे दोन हिशोब. तिच्या कपाळावर घाम येई. विजयाबाईंना तो दिसे. त्या पदराने पुसत, पण नियम सोडत नसत. शनिवारच्या एका दुपारी गरिमा रडत म्हणाली, “मी झाशीला जाते. मम्मीकडे. तिथे मला कुणी उठवणार नाही.”

“जा,” विजयाबाई म्हणाल्या. “पण तिथेही उठून बस.”

सौरव दारात उभा होता. “आई, हे सगळं अंधश्रद्धा आहे ग. नेटवर बघ, दो मिनिट में पता चल जाएगा.”

“तू गप. तुला कुणी विचारलं? तू जन्माला आलास तो असाच. मी नऊ महिने बसून बसून कूस बदलली म्हणून आलास.”

सौरव दारातून मागे फिरला. आपल्याआधी घरात काहीतरी झालं होतं, एवढं त्याला माहीत होतं. काय, ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

सोमवारी गरिमाने चिठ्ठी बाहेर काढली.

अपर्णा देवस्थळे यांचं फिजिओथेरपी केंद्र सिटी सेंटरमध्ये, एका औषधांच्या दुकानाच्या वर आहे. लिफ्ट आहे, म्हणून गरिमाने ते निवडलं. विजयाबाई बरोबर गेल्या. सौरवने गाडी दारापर्यंत आणली. उतरताना गरिमाने पाय एकेक करून बाहेर काढले आणि दाराला धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली.

अपर्णा चाळिशीच्या. त्यांनी विजयाबाईंकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं.

“तुम्ही दाना ओळीतल्या मोहिते काकू ना? माझ्या बाबांची अचकन तुम्ही शिवली होती. मोरपंखी.”

“देवस्थळे... फूलबागेकडून यायचे ते? बाही आखूड झाली म्हणून दोन वेळा परत घेऊन आले होते. आणि बाही आखूड नव्हती. हात लांब होते.”

“अजूनही तेच म्हणतात. बाही आखूड होती.”

“अजून आहेत? मग अचकन आणा म्हणावं. तिसऱ्यांदा बघते.”

गरिमा दोघींकडे बघत टेबलाच्या कडेला बसली होती. मग तपासणी सुरू झाली. अपर्णांनी तिला पाठीवर झोपवलं, फार वेळ ठेवणार नाही म्हणून सांगितलं, आणि गुडघा न वाकवता उजवी टाच वीतभर उचलायला सांगितली. गरिमाने श्वास धरला. पाय थरथरला, चार बोटं उचलला गेला आणि खाली आला. “पाय माझा नाहीच असं वाटतं,” ती म्हणाली. “जड.”

“आता पुन्हा,” अपर्णा म्हणाल्या. त्यांनी गरिमाच्या कमरेच्या दोन्ही बाजूंनी, मांडीच्या जरा वर, हाडांवर हात ठेवले आणि आतल्या बाजूला घट्ट दाबून धरलं. “आता उचल.”

पाय उचलला गेला. वीतभर, सरळ.

“हे काय केलं तुम्ही?” गरिमाने विचारलं.

अपर्णा काही सांगणार, तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून विजयाबाई म्हणाल्या, “फेटा.”

दोघींनी वळून पाहिलं.

“मला पण असंच होतं,” विजयाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, मापं सांगतात तसा. “सत्त्याहत्तर साली. सातव्या महिन्यापासून. पाय उचलायचा नाही. जिना चढायची तर बसून चढायची, एकेक पायरी. यांनी एक दिवस आपला फेटा आणला. म्हणाले, घोड्याचं खोगीर सैल झालं की पट्टा आवळतात, तुला आवळून बघू. कमरेखाली, इथे, दोन वेढे दिले. मी उभी राहिले आणि चालले. सरळ चालले.”

“काकू, तुमच्या यांना तेव्हाच कळलं होतं,” अपर्णा म्हणाल्या. “आज आम्ही पट्टा देतो, तो हेच करतो. गरोदरपणात हाडांना धरून ठेवणारे बंध थोडे सैल पडतात, शरीराचा तोल बदलतो, आणि कमरेच्या हाडांचं जे कडं असतं त्याचे सांधे, पुढचा एक आणि मागचे दोन, सारखे धरले जात नाहीत. एक बाजू थोडी जास्त हलते. पाय एकमेकांपासून लांब गेले किंवा एका पायावर भार आला की ते दुखतं. बाहेरून आधार दिला की पाय हलका होतो. पाच गरोदर बायकांत एकीला तरी होतं हे. बाळाला काही होत नाही, आणि बहुतेकींचं बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ओसरतं.”

“सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी फेटा सोडायला लावला,” विजयाबाई म्हणाल्या. “पुरुषाच्या डोक्याचं वस्त्र बाईच्या कमरेला नाही लावायचं.” त्या थांबल्या. “त्यांचं चूक नव्हतं. तेव्हाची रीत तशीच होती.”

अपर्णा गरिमाला कुशीवर वळायला शिकवू लागल्या. दोन्ही गुडघे वाकव. गुडघ्यांमध्ये उशी धर आणि ती दाबून ठेव, सोडायची नाही. हात ज्या बाजूला वळायचं तिकडे ने. आता खांदे, कंबर आणि गुडघे एकदम, एकाच वेळी, जणू तू एक लाकडाचा ओंडका आहेस. कमरेत पीळ द्यायचा नाही.

गरिमा वळली. वळून झाल्यावर ती तशीच पडून राहिली.

“दुखलं?”

“थोडं,” ती म्हणाली. “पण थोडंच.” आणि पुन्हा म्हणाली, “थोडंच.”

“आणि उठायचं असेल तर आधी कुशीवर ये, दोन्ही पाय एकत्र खाली सोड, आणि हातांनी ढकलत ऊठ. दिवसातून जितकं लागेल तितकंच. नुसतं कूस बदलायला उठून बसायचं नाही. बसताना एकदा दुखतं, परत झोपताना दुसऱ्यांदा.”

विजयाबाई उभ्या राहिल्या. “आणि नाळ?”

गरिमाला कळलं की हा प्रश्न तिच्यासाठी नाही.

“पडल्या पडल्या वळलं की बाळाच्या गळ्यात नाळ गुंडाळते,” विजयाबाई म्हणाल्या. “मी वळले होते. बसता येत नव्हतं म्हणून. फेटा सोडल्यावर अजिबातच बसता येत नव्हतं. कुणी नसेल तेव्हा मी लोळून वळायची. दहा वेळा, वीस वेळा. मुलगी झाली. रडली नाही. सुईणीने सासूबाईंना सांगितलं, गळ्यात नाळ आहे. सासूबाईंनी मला विचारलं, तू लोळलीस? मी हो म्हटलं.”

सौरव बाहेर बाकावर बसला होता. दार अर्धं उघडं होतं. त्याने मोबाइल खाली ठेवला.

अपर्णांनी स्टूल ओढलं आणि विजयाबाईंच्या समोर बसल्या. “काकू, ती कशाने गेली हे मला आज सांगता येणार नाही. कुणालाच नाही येणार. पण तुमच्या कूस बदलण्याने नाही. बाळ पाण्यात असतं. ते स्वतः फिरतं, उलटतं, हातपाय मारतं, आणि त्यात कधी नाळेचा फास पडतो, कधी सुटतो. आई बसली, झोपली, वळली, त्याने ते होत नाही आणि टळतही नाही. गळ्याभोवती नाळेचा वेढा घेऊन येणारी बाळं कितीतरी. चार-पाचांत एखादं. बहुतेक चांगली असतात. नर्स बोटाने वेढा काढते, बस.”

“तुम्ही फिजिओ आहात,” विजयाबाई म्हणाल्या. हे भांडण नव्हतं, तपासणी होती. गिऱ्हाइकाने आणलेलं कापड त्या अशीच उलटून बघत.

“बरोबर. मग तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचारा. मी फोन लावून देते.”

फोन लावला गेला. डॉक्टरीणबाई घाईत होत्या, त्यांनी तेच सांगितलं, थोडक्यात. विजयाबाईंनी “हो” म्हटलं, फोन परत दिला, आणि परतताना गाडीत मागे बसल्या. दाना ओळीच्या तोंडाशी गाडी अडली तेव्हा सौरवने मागे वळून विचारलं, “आई, मला कधी सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस कधी?”

“नाही.”

“मग.”

पण त्या दुपारी त्यांनी खुर्ची गरिमाच्या खोलीत नेली नाही.

पट्टा घेतला होता. गरिमाच्या जुन्या पलंगावर कापसाची गादी आणि जाड सुती चादर होती, जिच्यावर वळायचं तर कापड अंगाखाली अडत होतं. अपर्णांनी निघताना सुचवलं होतं, कमरेखालच्या भागाला कापड गुळगुळीत असलं तर वळताना कमी ताण पडतो. गुळगुळीत चादर किंवा गुळगुळीत गाऊन, दोन्ही नको.

विजयाबाईंनी शिवणाची लोखंडी पेटी उघडली. तळाशी साटिनचा ताका होता, गर्द डाळिंबी, अर्ध्याहून थोडा कमी. शेवटच्या मोठ्या कामाचा. एका घरातल्या सहा भावांनी सहा अचकनी सांगितल्या होत्या. तीन शिवून झाल्या, मग भावांचं वाटणीवरून बिनसलं आणि उरलेले तीन पुन्हा फिरकले नाहीत. साटिनवर अजूनही खडूची एक रेघ होती. बाहीची. विजयाबाईंनी ब्रशने धूळ झटकली आणि मशीनला तेल घातलं.

त्यांनी पूर्ण पलंगाची चादर शिवली. एक दुपार गेली. गरिमाने बँकेतून आल्यावर तिच्यावर पाय ठेवला, आणि चूक कुठे झाली होती ते तिथेच कळलं. डोक्यापासून पायापर्यंत साटिन. टाच टेकवून जोर द्यायला जागाच नाही. त्यात गरिमाने आपला नवा साटिनचा गाऊन घातला होता. ती वळायला गेली आणि पलंगाच्या पायथ्याकडे घसरत गेली, उशी गुडघ्यात धरून, रजईसकट.

“सौरव! पकड!”

सौरवने तिला खांद्यांना धरलं. तिघंही हसू लागले. गरिमा हसताना दुखतं म्हणून ओरडत होती आणि हसत होती.

“आई, ही चादर नाही, मेळ्यातली घसरगुंडी आहे.”

“अपर्णा मॅडमनी सांगितलं होतं, दोन्ही नको,” सौरव म्हणाला.

“ऐकलं होतं मी,” विजयाबाई म्हणाल्या. “गाऊन कोणी घातला, मी की हिने?”

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी चादर उसवली. खांद्यांच्या जागी सुती, पायांच्या जागी सुती, मध्ये कमरेपासून गुडघ्यांपर्यंत साटिनचा पट्टा. जोडाची शिवण कमरेखाली टोचू नये म्हणून ती त्यांनी खालच्या बाजूला वळवून हाताने टाचली, जशी अचकनीच्या बगलेत टाचत. टाच सुतीवर अडते, कंबर साटिनवर सरकते. सौरवला सांगून त्यांनी अपर्णांना मोबाइलवर फोटो पाठवला. अपर्णांचं उत्तर आलं: “माझ्या तीन पेशंटना हवी आहे अशी.” दिवाळीपर्यंत विजयाबाईंनी पाच चादरी शिवल्या. बऱ्याच वर्षांनी खोलीत पुन्हा खळीचा वास आला.

गरिमाचं दुखणं गेलं नाही. ते कमी झालं. जिना ती एकेक पायरी, दोन्ही पाय त्याच पायरीवर आणून चढू लागली; साडी, सलवार बसून घालू लागली; स्कूटर बंद झाली. काही दिवस बरे, काही वाईट. बँकेत तिने उभं राहायचं काम दुसऱ्याला दिलं. झाशीला ती गेली नाही, कारण गाडीत तीन तास पाय एका स्थितीत ठेवणं तिला जमणार नव्हतं. तिची आईच ग्वाल्हेरला आली. वळताना गरिमा गुडघ्यात उशी धरून तोंडाने “एक, दोन, चला” म्हणत असे. शेजारच्या खोलीत विजयाबाईंना ते ऐकू येई. त्या स्वतः मात्र अजून उठून बसूनच कूस बदलत होत्या. सौरवने एकदा पाहिलं आणि दार ओढून घेतलं. टोकलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, हे त्याला माहीत होतं.

डिसेंबरच्या अखेरीला, चाळिसाव्या आठवड्यात, गरिमाला कळा सुरू झाल्या. अपर्णांनी एक चिठ्ठी लिहून दिली होती: पाय फाकवायचे ते दुखेल त्याच्या आत, शक्यतो कुशीवर किंवा गुडघ्यांवर, आणि भूल दिली तर पाय ताणले जाणार नाहीत याची काळजी. चिठ्ठीसोबत एक दोरी होती, गरिमाचे गुडघे न दुखता जितके लांब जातात तितकी कापलेली. ही दोरी विजयाबाईंनी मोजली होती, मापाच्या टेपने, आणि टोकाला गाठ मारली होती. प्रसूतिगृहातल्या नर्सने दोरी बघून “ये क्या है?” विचारलं. गरिमा म्हणाली, “मेरी सास का नाप है.”

गरिमा डाव्या कुशीवर बाळंत झाली. मुलगी. सकाळी सव्वादहाला. थंडी कडाक्याची होती, खिडकीच्या काचा धुक्याने पांढऱ्या झाल्या होत्या. ती लगेच रडली. बाहेरच्या बाकावर विजयाबाईंनी तो आवाज ऐकला आणि तरी त्या उठल्या नाहीत. नर्स बाहेर आली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मुलगा की मुलगी हा नव्हता.

“नाळ कुठे होती?”

नर्सला प्रश्न कळला नाही. सौरवने हिंदीत सांगितलं.

“गले में थी, एक फेरा,” नर्स म्हणाली. “ऐसे निकाल दी.” तिने बोट गळ्याजवळ फिरवून दाखवलं, साडीचा पदर डोक्यावरून काढावा तसं. “होता रहता है, अम्मा. बच्ची एकदम ठीक है.”

“एकच वेढा?” विजयाबाईंनी मराठीत विचारलं.

“एक.”

विजयाबाईंनी मान हलवली. मग त्यांनी बाळाला बघितलं. गळा बघितला. गळ्यावर कसलीही खूण नव्हती. दुधाळ, सुरकुतलेला, उष्ण गळा होता. नाव नंतर ठरलं, मंजिरी. त्या वेळी तिला फक्त “ही” म्हणत होते.

दुपारी सौरवने त्यांना घरी सोडलं, म्हणाला, आराम कर, संध्याकाळी घेऊन येतो. घरात कुणी नव्हतं; गरिमाची आई तिच्याजवळ थांबली होती. विजयाबाईंनी खिडकी लावली, ब्रश खिळ्यावर आहे का ते पाहिलं, आणि आपल्या खोलीत न जाता गरिमाच्या पलंगावर आडव्या झाल्या. चादर तीच होती, डाळिंबी पट्ट्याची. त्या उजव्या कुशीवर झोपल्या. रजई ओढली. थोड्या वेळाने खांदा धरला, नेहमीसारखा.

त्यांनी गुडघे वाकवले. मध्ये घ्यायला उशी होती ती घेतली. हात डावीकडे नेला. आणि मग त्या खांदे, कंबर आणि गुडघे एकदम घेऊन पडल्या पडल्या डाव्या कुशीवर वळल्या.

संध्याकाळी सौरव न्यायला आला तेव्हा त्या डाव्या कुशीवरच होत्या, गाढ झोपलेल्या. त्याने पंधरा मिनिटं वाट पाहिली आणि मग हाक मारली.

“आई, चल. मुलगी जागी आहे.”

“कितवी झोप झाली तिची?”

“तिसरी.”

“माझी पहिली,” विजयाबाई म्हणाल्या, आणि हातांनी ढकलत, दोन्ही पाय एकत्र खाली सोडून, उठल्या.